साखरेची मागणी १०० कोटींनी वाढली, तर ऊस आणि वीज किती लागेल? आदान-उत्पादन तक्त्यावरून हिशोब करण्याची रीत

आदान-उत्पादन तक्ता, म्हणजेच कोणत्या उद्योगाने कोणाला किती माल विकला हे दाखवणारे इनपुट-आउटपुट टेबल, हातात असला तरी त्यावरून काढलेले उत्तर बहुतेक वेळा चुकते. सूत्र क्वचितच चुकते; चूक त्याच्या आधीच होऊन गेलेली असते. कोणता व्यवहार कोणत्या घरात लिहायचा, कोणत्या किमतीने लिहायचा आणि भागाकार कोणत्या बेरजेने करायचा, या तीन ठिकाणी घसरलेला हिशोब पुढे संगणकावर कितीही नीट चालवला तरी सुधारत नाही. म्हणून या लेखात बेळगाव जिल्ह्याच्या चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या ऊसपट्ट्यातील ऊसशेती, साखर कारखाने आणि वीज या तीन उद्योगांचा एक छोटा तक्ता घेऊन आरंभापासून शेवटपर्यंतचा हिशोब मांडला आहे. तक्त्यातील आकडे सरावासाठी धरलेले आहेत. ते जिल्ह्याची आकडेवारी म्हणून कोठेही वापरू नयेत. व्यवहारांचे स्वरूप मात्र प्रत्यक्षातले आहे.

## टप्पा १ : हद्द आणि किंमत आधी ठरवा

तक्ता कोणत्या प्रदेशाचा आहे हे पहिल्या ओळीत लिहून ठेवावे. आपल्या भागात याला विशेष महत्त्व आहे, कारण उसाची गाडी राज्याची सीमा पाहून थांबत नाही. निपाणीच्या बाजूच्या कारखान्यात कागल, गडहिंग्लजकडचा ऊस येतो आणि आपल्याकडचा ऊस कोल्हापूर जिल्ह्यातील कारखान्यांकडे जातो. आपला तक्ता बेळगाव जिल्ह्याचा असेल, तर पलीकडून आलेला ऊस ‘ऊसशेती’च्या ओळीत बसत नाही. तो ‘बाहेरून खरेदी’ या वेगळ्या ओळीत जातो. आपल्याकडून पलीकडे गेलेला ऊस ही निर्यात असते, म्हणून ती अंतिम मागणीत, म्हणजे तक्त्यातील उद्योगांबाहेर गेलेल्या मालात, धरायची.

एका गटाने केलेला असाच तक्ता मी तपासत होतो. त्यांनी कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्यांची बेरीज करून उसाची सगळी खरेदी एकाच घरात लिहिली होती. प्रत्येक पावतीवर शेतकऱ्याच्या गावाचे नाव होते आणि पहिल्याच गठ्ठ्यात सीमेपलीकडची गावे निघाली. पावत्या गावांनुसार दोन गठ्ठ्यांत लावणे एवढेच काम बाकी राहिले होते, पण ते न केल्यामुळे पुढचा सगळा हिशोब फुगला. किती फुगतो, ते टप्पा ७ मध्ये दिसेल.

दुसरा निर्णय किमतीचा. तक्ता उत्पादकाच्या दारातील मूळ किमतीने भरावा. त्यात व्यापाऱ्याचा नफा, वाहतूक किंवा जीएसटी मिसळू नये. येथे विजेची एक अडचण हमखास येते. कर्नाटकात १० अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज मोफत मिळते. त्यामुळे शेतकऱ्याच्या खर्चाची वही पाहिली, तर विजेवर शून्य रुपये दिसतात आणि ‘वीज ते ऊसशेती’ हे घर कोरे राहते. पण पंप चालला आहे, वीज खर्च झाली आहे आणि ती कोणीतरी निर्माण केलेली आहे. म्हणून हा आकडा शेतकऱ्याच्या वहीतून न घेता पुरवठादाराच्या बाजूने, म्हणजे पुरवलेल्या युनिटना मान्य दराने गुणून घ्यावा. सरकारने भरलेले अनुदान ऊसशेतीच्या स्तंभात खाली, मूल्यवर्धन (म्हणजे मजुरी, नफा वगैरे) आणि निव्वळ कर यांच्या ओळीत, उणे करावे.

तपासणी : ज्या घरात शून्य लिहिले आहे, तेथे वस्तूच वापरली जात नाही की फक्त पैसे दिले जात नाहीत, हे प्रत्येक शून्यासाठी विचारावे.

## टप्पा २ : तक्ता भरा आणि दोन्ही बाजूंनी जुळवा

आडवी ओळ विकणाऱ्याची, उभा स्तंभ घेणाऱ्याचा. ही एक गोष्ट तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवावी, कारण पुढची निम्मी गफलत येथेच टळते. सर्व आकडे कोटी रुपयांत आहेत.

| विकणारा (आडवा) / घेणारा (उभा) | ऊसशेती | साखर कारखाने | वीज | अंतिम मागणी | एकूण उत्पादन |
|---|---|---|---|---|---|
| ऊसशेती | २५ | ४०० | ० | ७५ | ५०० |
| साखर कारखाने | १० | ० | ४० | ७५० | ८०० |
| वीज | ५० | ४० | २० | ९० | २०० |
| बाहेरून खरेदी | ५० | ८० | ४० | | |
| मूल्यवर्धन व निव्वळ कर | ३६५ | २८० | १०० | | |
| एकूण | ५०० | ८०० | २०० | | |

ऊसशेतीचा ऊसशेतीलाच विकलेला २५ कोटींचा माल म्हणजे लागणीचे बेणे. साखर कारखान्यांकडून शेतीला जाणारे १० कोटी हे प्रेसमडचे, म्हणजे रस गाळल्यावर उरणाऱ्या गाळाचे, आहेत आणि वीजनिर्मितीला जाणारे ४० कोटी बगॅसचे, म्हणजे ऊस पिळल्यावर उरणाऱ्या चोथ्याचे. कारखान्याच्या आवारातील सहवीजनिर्मिती संच येथे ‘वीज’ उद्योगात धरला आहे, त्यामुळे एकाच फाटकाच्या आत होणारी बगॅसची देवघेवसुद्धा विक्री म्हणून लिहावी लागते. साखर कारखान्यांच्या अंतिम मागणीतील ७५० कोटी संपूर्णपणे साखरेचे मानले आहेत. कारखान्यांनी बाहेरून केलेल्या ८० कोटींच्या खरेदीत सीमेपलीकडचा ऊसच आहे, असे धरू.

तपासणी : प्रत्येक उद्योगाच्या ओळीची बेरीज आणि त्याच उद्योगाच्या स्तंभाची बेरीज सारखी आली पाहिजे. त्यानंतर अंतिम मागणीची बेरीज (७५ + ७५० + ९० = ९१५) ही खालच्या दोन ओळींच्या बेरजेइतकी (१७० + ७४५ = ९१५) आहे का, ते पाहावे. हे जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. फरक राहिला, तर तो एखाद्या घरात ढकलून देण्याऐवजी ज्या व्यवहाराचा आकडा सर्वांत कच्चा आहे, तो पुन्हा शोधावा.

## टप्पा ३ : सहगुणक काढा, भागाकार स्तंभाच्या बेरजेनेच

आता प्रत्येक घरातील आकड्याला घेणाऱ्या उद्योगाच्या एकूण उत्पादनाने भागायचे आहे. साखरेचा स्तंभ घेतला, तर ४०० ला ८०० ने भागून ०.५० येतात, म्हणजे एक रुपयाचे उत्पादन करताना कारखाना स्थानिक उसावर पन्नास पैसे खर्च करतो. तिन्ही स्तंभांचा भागाकार, म्हणजेच सहगुणक, असा येतो :

| | ऊसशेती | साखर | वीज |
|---|---|---|---|
| ऊसशेती | ०.०५ | ०.५० | ० |
| साखर | ०.०२ | ० | ०.२० |
| वीज | ०.१० | ०.०५ | ०.१० |

सर्वाधिक आढळणारी चूक याच टप्प्यात होते. ओळीच्या शेवटी ‘एकूण उत्पादन’ समोरच दिसत असल्यामुळे हात आपोआप ओळीच्या बेरजेने भागतो. मग ४०० भागिले ५०० असे ०.८० येतात. त्या आकड्यालाही अर्थ आहे, पण तो वेगळा आहे : एकूण उसापैकी ८० टक्के ऊस कारखान्यांना गेला. आपला प्रश्न ‘ऊस कोठे गेला’ असा नाही. ‘एक रुपयाच्या साखरेला किती ऊस लागला’ असा आहे.

तपासणी : खालच्या दोन ओळींनाही त्याच स्तंभाच्या बेरजेने भागावे. प्रत्येक स्तंभात वरपासून खालपर्यंतची बेरीज नेमकी १ झाली पाहिजे. साखरेसाठी ०.५० + ० + ०.०५ + ०.१० + ०.३५ = १. ओळीने भागले असेल, तर ही बेरीज जुळत नाही आणि चूक लगेच पकडली जाते.

## टप्पा ४ : मागणीतील वाढ तक्त्याच्या किमतीत आणा

‘साखरेची विक्री ११५.५ कोटींनी वाढली’ अशी माहिती मिळाली, तर तो आकडा जसाच्या तसा हिशोबात घालू नये. दुकानातील किमतीत ५ टक्के जीएसटी आहे. तो काढल्यावर ११० कोटी उरतात. त्यातील १० कोटी व्यापार आणि वाहतुकीचे असतील, तर कारखान्याच्या दारातील वाढ १०० कोटींची ठरते. मोठ्या तक्त्यात ते १० कोटी व्यापार आणि वाहतूक या उद्योगांच्या मागणीत घालावे लागतात. आपल्या तक्त्यात ते उद्योग नसल्यामुळे बाजूला राहतील.

वाढ फक्त भावातील असेल, तर हा हिशोब लागूच होत नाही. पोत्यांची संख्या तेवढीच राहून भाव चढला, तर एकही जादा मोळी तोडावी लागत नाही. मागणीतील वाढ तक्त्याच्या वर्षातील भावांनी मोजलेली असावी.

## टप्पा ५ : आधी हाताने फेऱ्या मोजा

संगणकाकडे जाण्यापूर्वी तीन-चार फेऱ्या हाताने कराव्यात, असा माझा आग्रह आहे. त्यामुळे उत्तर साधारण कोठे पडायला हवे हे कळते आणि पुढे सूत्रातील चूक डोळ्यांना दिसते.

आरंभी मागणी फक्त १०० कोटींच्या साखरेची आहे. ती पूर्ण करण्यासाठी कारखान्यांना ५० कोटींचा ऊस आणि ५ कोटींची वीज लागते. ही पहिली फेरी झाली. आता तो ५० कोटींचा ऊस पिकवण्यासाठी २.५ कोटींचे बेणे, १ कोटीचे प्रेसमड आणि ५ कोटींची वीज लागेल, आणि ५ कोटींच्या विजेसाठी १ कोटीचे बगॅस व ०.५ कोटीची वीज लागेल. प्रत्येक फेरीतील गरज ही पुढच्या फेरीची मागणी बनते.

| फेरी | ऊसशेती | साखर कारखाने | वीज |
|---|---|---|---|
| मूळ वाढ | ० | १०० | ० |
| १ | ५० | ० | ५ |
| २ | २.५ | २ | ५.५ |
| ३ | १.१३ | १.१५ | ०.९ |
| ४ | ०.६३ | ०.२० | ०.२६ |
| आतापर्यंत बेरीज | ५४.२६ | १०३.३५ | ११.६६ |

विजेच्या स्तंभाकडे थोडे थांबून पाहावे. दुसऱ्या फेरीतील गरज (५.५) पहिल्या फेरीपेक्षा (५) जास्त आहे, म्हणजे कारखान्याने स्वतः घेतलेल्या विजेइतकीच वीज उसाच्या पंपांना लागते. केवळ कारखान्याचे वीजबिल पाहून अंदाज करणाऱ्याच्या हातून हा निम्मा भाग निसटतो.

इशारा : मूळ वाढीची ओळ बेरजेत धरायला विसरू नये. ती गाळली, तर साखरेचे उत्तर १०३ ऐवजी ३ येते.

## टप्पा ६ : व्यस्त मॅट्रिक्सने नेमके उत्तर काढा

फेऱ्या अखंड चालू ठेवल्यास मिळणारी बेरीज एका झटक्यात देणारी रीत म्हणजे एकक मॅट्रिक्समधून सहगुणकांची मॅट्रिक्स वजा करायची, त्या वजाबाकीची व्यस्त मॅट्रिक्स काढायची आणि तिला मागणीतील वाढीने गुणायचे. सहगुणक `B8:D10` मध्ये आणि मागणीतील वाढ (०, १००, ०) उभ्या रांगेत `F8:F10` मध्ये लिहिली असेल, तर सूत्र असे आहे :

```
=MMULT(MINVERSE(MUNIT(3)-B8:D10),F8:F10)
```

जुन्या एक्सेलमध्ये किंवा लिब्रेऑफिसमध्ये उभ्या तीन रिकाम्या चौकटी आधी निवडाव्यात, सूत्र लिहावे आणि `Ctrl+Shift+Enter` दाबावे. नुसते `Enter` दाबल्यास एकच आकडा दिसतो आणि पुष्कळ जण तेच उत्तर समजून बसतात. त्याचप्रमाणे, व्यस्त मॅट्रिक्स म्हणजे प्रत्येक घरातील आकड्याचा व्यस्तांक नव्हे. `1/B8` असे घराघराने भागून काहीही हाती लागत नाही.

उत्तर असे येते :

- ऊसशेती : ५४.४५ कोटी
- साखर कारखाने : १०३.४५ कोटी
- वीज : ११.८० कोटी

चार फेऱ्यांनंतरची बेरीज याच्या अगदी जवळ आणि प्रत्येक ठिकाणी किंचित कमी होती. असेच असायला हवे. ती जास्त निघाली, तर फेऱ्यांत किंवा सूत्रात कोठेतरी चूक आहे.

## टप्पा ७ : उत्तराची उलट तपासणी

पहिली तपासणी ओळीची. नव्या उत्पादनापैकी उद्योगांनी आपसात किती वापरले ते मोजावे आणि उरलेला माल मूळ वाढीइतका आहे का ते पाहावे. ५४.४५ कोटींच्या उसापैकी ५ टक्के (२.७२) बेण्याला गेला आणि १०३.४५ च्या निम्मा, म्हणजे ५१.७२, कारखान्यांना गेला. दोन्ही मिळून ५४.४४, म्हणजे पूर्णांकनापलीकडे काहीच उरत नाही. आपण उसाची अंतिम मागणी वाढवली नव्हती, तेव्हा हे बरोबर आहे.

दुसरी तपासणी पैशाची. १०० कोटी रुपये जिल्ह्यात आले. ते शेवटी मूल्यवर्धन व निव्वळ कर तरी झाले पाहिजेत किंवा बाहेरच्या खरेदीसाठी बाहेर तरी गेले पाहिजेत. मूल्यवर्धनाच्या ओळीतील सहगुणक ०.७३, ०.३५ आणि ०.५० यांनी तिन्ही उत्पादने गुणली, तर ३९.७५ + ३६.२१ + ५.९० म्हणजे ८१.८६ कोटी येतात. बाहेरच्या खरेदीचे सहगुणक ०.१०, ०.१० आणि ०.२० आहेत, त्यांतून ५.४५ + १०.३५ + २.३६ असे १८.१६ कोटी येतात. बेरीज १००.०२. जादा २ लाख रुपये पूर्णांकनाचे आहेत. येथे एक-दोन कोटींचा फरक दिसला, तर तो पूर्णांकनाचा नाही, हे निश्चित समजावे.

आता टप्पा १ मधील चूक मुद्दाम करून पाहू. सीमेपलीकडचा ८० कोटींचा ऊस स्थानिक उसात मिसळला, तर साखरेच्या स्तंभात ४०० ऐवजी ४८० येतात आणि सहगुणक ०.६० होतो. पुन्हा हिशोब केला, तर ऊसशेतीची गरज ६५.६४ कोटी निघते. म्हणजे जिल्ह्यातील शेतकऱ्यांना कधीही न मिळणारी ११ कोटींहून अधिक रक्कम कागदावर त्यांच्या नावे लागते. स्तंभाची बेरीज या चुकीतही १ च राहते, कारण रक्कम फक्त एका ओळीतून दुसरीत सरकली आहे. ती पकडली जाते ओळीच्या बेरजेत : ऊसशेतीची ओळ ५०० ऐवजी ५८० होते. म्हणून टप्पा २ मध्ये दोन्ही बाजूंनी जुळवणी सांगितली.

## टप्पा ८ : उत्तर वाचताना बगॅसकडे आणि हंगामाकडे पाहा

साखर कारखान्यांची १०३.४५ कोटींची वाढ म्हणजे तेवढ्या किमतीची साखर नव्हे. त्यातील १०० कोटी साखर, सुमारे २.३६ कोटी बगॅस आणि १.०९ कोटी प्रेसमड आहे. सूत्र असे मानते, की बगॅस जेवढे लागेल तेवढेच तयार होईल. प्रत्यक्षात ऊस गाळला की बगॅस निघतेच, कोणी मागो वा न मागो.

मूळ तक्त्यात ८०० कोटींच्या उत्पादनात साखर ७५०, बगॅस ४० आणि प्रेसमड १० अशी वाटणी आहे. तेच प्रमाण टिकले, तर १०० कोटींच्या साखरेबरोबर ५.३३ कोटींचे बगॅस आणि १.३३ कोटींचे प्रेसमड येईल आणि कारखान्यांचे उत्पादन १०६.६७ कोटी होईल. हा आकडा पक्का धरून बाकीचे दोन उद्योग पुन्हा मोजावेत. उसासाठी १०६.६७ चे निम्मे, म्हणजे ५३.३३, आणि त्याला बेण्यासाठी ०.९५ ने भागून ५६.१४ कोटी. विजेसाठी उसाचे ५.६१ आणि कारखान्यांचे ५.३३ मिळवून ०.९० ने भागले, की १२.१६ कोटी. या विजेला लागणारे बगॅस २.४३ कोटींचेच आहे, त्यामुळे २.९० कोटींचे बगॅस शिल्लक पडेल. ते साठ्यात जाईल किंवा बाहेर विकले जाईल.

उसाची गरज ५४.४५ वरून ५६.१४ वर गेली. फरक तीन टक्क्यांच्या आसपास आहे, पण तो एकाच दिशेचा आहे : नेहमीचे सूत्र उसाची गरज कमी दाखवते. म्हणून जेथे एका उद्योगातून मुख्य मालाबरोबर उपपदार्थ आपोआप निघतात आणि ते लागतील त्याहून जास्त निघतात, तेथे दोन्ही आकडे द्यावेत आणि दुसरा कसा काढला ते एका वाक्यात लिहावे.

शेवटची गोष्ट वेळेची. या हिशोबात काळ नाही. ५६ कोटींचा ऊस ‘लागेल’ एवढेच तो सांगतो. केव्हा मिळेल हे सांगत नाही. सुरू लागणीचा ऊस तोडणीला यायला साधारण बारा महिने आणि आडसालीला सोळा ते अठरा महिने लागतात, तर गाळप पावसाळ्यानंतर सुरू होऊन उन्हाळ्याच्या तोंडाशी संपते. मागणी याच हंगामात वाढली आणि शेतात जादा ऊस उभा नसेल, तर कारखाने तो सीमेपलीकडून आणतील. तसे झाले, तर त्या वर्षापुरता साखरेच्या स्तंभातील स्थानिक उसाचा ०.५० आणि बाहेरच्या खरेदीचा ०.१० हे दोन्ही सहगुणक बदलतात. म्हणून उत्तर लिहिताना ते कोणत्या हंगामासाठी आहे हे नमूद करावे, आणि जादा उसाची लागण अजून व्हायची असेल, तर ऊसशेतीचा आकडा पुढच्या गाळप हंगामाच्या नावे लिहावा.